गोल्टी कांद्यासाठी सौर ड्रायर बांधतोय: हवा, काच आणि ट्रेची मांडणी

माळावरचा_गडी (सिन्नर)

राम राम मंडळी. उन्हाळ कांदा काढून प्रतवारी केली की लहान आकाराची गोल्टी बाजूला पडते. बाजार पडलेला असला की तिला वाहतुकीचाही खर्च निघेल असा भाव मिळत नाही. घरातली मंडळी आणि बचत गटातल्या दोघी-तिघी मिळून गोल्टीचे काप वाळवून विकायचं म्हणत आहेत. गच्चीवर साडी अंथरून वाळवलं तर माल काळपट होतो, धूळ बसते आणि अवकाळीचं सावट आलं की पळापळ होते. म्हणून सौर ड्रायर बांधायचं ठरवलंय.

एका घाण्याला सोलून-चिरून २० किलो कांदा टाकायचा आहे आणि तो दोन दिवसांत वाळावा. मनातला आराखडा असा: पत्र्याचं एक कपाट, त्यात एकावर एक १० ट्रे. कपाटाच्या बुडाशी जोडलेला, दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद, आतून काळा केलेला काचेचा पेटारा, तिथून हवा तापून आत येईल. कपाटाच्या डोक्यावर चार इंची पीव्हीसी पाइपची दोन मीटर चिमणी. माझे प्रश्न तीन आहेत. पंखा लावावा लागेल का, कारण दिवसा आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. वर काच घालावी की पॉलीकार्बोनेट? आणि ट्रे नक्की कसे बसवायचे? फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी कागदावर पक्कं करायचंय.

प्रकाशवाट (पुणे)

पंख्याच्या भानगडीत पडू नका दादा. गरम हवा हलकी असते आणि पाण्याची वाफ तर कोरड्या हवेपेक्षाही हलकी. म्हणजे कांद्यातून वाफ निघाली की हवा आणखी हलकी होऊन स्वतःच वर पळणार. चिमणी दोनऐवजी चार मीटर करा आणि तिला काळा रंग द्या. जितकी उंच तितका ओढा जास्त. फिरणारा भाग नाही, बिघाड नाही.

बाळू_निफाड

भाऊ, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कांदाचाळ बांधा. अनुदान मिळतं. खालून हवा खेळती राहिली की माल चार-पाच महिने टिकतो. आमच्या चाळीत जमिनीपासून दीड-दोन फूट उंच फळ्या आहेत, त्याने फार फरक पडतो.

माळावरचा_गडी (सिन्नर)

बाळूभाऊ, चाळ आहे आमची. पण तिच्यात मोठा माल भरतो. गोल्टी साठवून पुढे तिचा मोठा कांदा होत नाही, भाव गोल्टीचाच मिळतो. मला काप वाळवायचेत.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

मी अन्नप्रक्रियेच्या यंत्रांचं काम करते, त्यातले बरेच ड्रायर आहेत. आधी हवेचा हिशोब करू, कारण काच आणि ट्रे त्यावरूनच ठरतात.

तुमच्या लाल गोल्टीत घन भाग साधारण १३ टक्के धरू. २० किलोत २.६ किलो. तयार कापात ७ टक्के पाणी राहू दिलं तर माल हातात येतो २.८ किलो. म्हणजे १७ किलोपेक्षा थोडं जास्त पाणी उडवायचंय. हे पाणी हवेने उचलून बाहेर न्यायचंय, आणि हवेची उचल किती कमी असते याचा अंदाज सहसा येत नाही. सिन्नरला एप्रिल-मेच्या दुपारी हवा ३६ अंशांची आणि कोरडी असते. ती पेटाऱ्यात ५७ अंशांपर्यंत तापली आणि कापांवरून जाताना पाणी उचलून ४४ अंशांपर्यंत निवली, तर एक किलो हवा जेमतेम ५ ग्रॅम पाणी घेऊन जाते. म्हणून १७ किलो पाण्याला सुमारे ३,४०० किलो हवा लागते. दोन दिवसांचे कामाचे १४ तास धरा, तर तासाला २३० घनमीटर हवा वाहायला हवी.

आता हीच हवा २१ अंशांनी तापवायची तर सुमारे २० युनिट उष्णता हवी. नाशिक भागात मे महिन्यात चौरस मीटरवर दिवसाला ६ युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं कामाच्या तासांतलं साडेपाच धरा, आणि चांगल्या पेटाऱ्यातून त्यातलं निम्मं हवेत उतरतं. दोन दिवसांचा हिशोब केला की पेटारा जवळपास ४ चौरस मीटरचा लागतो. तुमचा २ चौरस मीटरचा आहे, म्हणजे निम्मा.

पण त्याहून मोठी अडचण चार इंची पाइपाची आहे. त्याचं तोंड शंभर चौरस सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. २३० घनमीटर हवा त्यातून जायची तर वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर न्यावा लागेल. नुसत्या उष्णतेच्या ओढ्याने त्यातून तासाला तीस-चाळीस घनमीटर गेली तरी खूप. बाकी कपाट कितीही चांगलं बांधा, या पाइपामुळे ते कोंडलेलंच राहील.

प्रकाशवाट (पुणे)

पाइप बारीक आहे हे मान्य. मोठा करा. पण पंख्याची गरज त्यातून कुठे सिद्ध होते? बिनपंख्याचे ड्रायर गावोगाव चालतात, मी स्वतः पाहिले आहेत.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

चालतात, आणि तुमचं अर्धं बरोबर आहे. वाफ हलकी असतेच. पण वाफ होताना हवा निवते, आणि त्या थंडाव्याने हवा जितकी जड होते तितकी वाफेमुळे हलकी होत नाही. ट्रेच्या खाली हवा ५७ अंशांची, वर ४४ अंशांची. बाहेर ३६ अंश असताना चिमणीत फक्त ८ अंशांचा फरक उरतो. सकाळी माल ओलागच्च असताना तर वरची हवा बाहेरच्या इतकीच थंड असते. ज्या वेळी सर्वांत जास्त पाणी उडायला हवं, नेमकं त्याच वेळी ओढा सर्वांत कमी असतो.

आकड्यात सांगायचं तर पेटारा, कपाट आणि दोन मीटर चिमणी या सगळ्यांचा मिळून ओढा एक पास्कलच्या आसपास येतो. पाण्याच्या उंचीत मोजला तर मिलिमीटरचा दहावा भाग. चिमणी चार मीटर केली तर तो दीड पास्कल होतो. हवा त्याच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे दुप्पट उंचीच्या चिमणीने हवा पाचव्या हिश्शाने वाढली तर वाढली. शिवाय उंच चिमणीचा पत्रा वाऱ्याने निवतो.

तुम्ही पाहिलेले बिनपंख्याचे ड्रायर बहुधा तीन-चार ट्रेचे असतील, पाच-सात किलो मालाचे. एवढ्या मालाला एक पास्कल पुरतो. २० किलोला आणि १० ट्रेना पुरत नाही.

तासगावकर

आमच्याकडं बेदाण्याची शेड हाय. वर पत्रा, बाजूनं हिरवी शेडनेट, आत जाळीचे दहा-अकरा कप्पे. काचही नाही, पेटाराही नाही. द्राक्ष डीपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून टाकतो, पंधरा दिवसांत बेदाणा तयार. वारं चांगलं असलं तर त्याच्याही आधी. सावलीत वाळला की रंग हिरवा-पिवळा राहतो, उन्हात काळा पडतो. मग तुम्हाला एवढं तापवायचं कशाला? तासगाव, कवठेमहांकाळचं वारं कोरडं, तसंच सिन्नरचं बी कोरडंच की.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुमच्या शेडमध्ये हवा तापवत नाहीत, पण ती अफाट वाहते. चारी बाजू उघड्या, म्हणून उचल कमी असली तरी चालतं. आणि द्राक्ष अख्खं असतं. साल शाबूत आणि आत साखर भरपूर, म्हणून ते पंधरा दिवस टिकून राहतं. चिरलेला कांदा ओलसर राहिला तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. म्हणून पहिल्या पाच-सहा तासांत त्याचं बरंच पाणी गेलंच पाहिजे. सावलीचा मुद्दा मात्र गडीदादांनी तुमच्याकडून जरूर घ्यावा. कपाटाला काच लावूच नका, ते बंद पत्र्याचं आणि उष्णतारोधक ठेवा. ऊन फक्त पेटाऱ्यावर पडू द्या. पुढे मेथी किंवा कढीपत्ता वाळवायचा झाला तर त्याचा हिरवा रंगही अंधारात टिकेल.

माळावरचा_गडी (सिन्नर)

पेटारा दुप्पट आणि पंखा लागणार, हे समजलं. पंखा किती मोठा? सोलर पॅनेलवर चालेल का? आणि १० ट्रे एकावर एक ठेवू की नको?

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

ट्रे आधी घेऊ, पंखा त्यावरून ठरेल.

चिरलेला कांदा चौरस मीटरला ४ किलो पसरायचा, काप ४ मिलिमीटरच्या आसपास. २० किलोला ५ चौरस मीटर जागा हवी. ६० बाय ८५ सेंटीमीटरचे १० ट्रे केले की ती होते. प्रत्येक ट्रेवर २ किलो.

हवा ट्रेच्या जाळीतून खालून वर सोडली तर ती जिथे काप विरळ आहेत तिथूनच निघून जाते, आणि तिचा वेग इतका मंद असतो की कापांच्या अंगाला लागत नाही. त्यापेक्षा नागमोडी वाट करा. पहिला ट्रे मागे टेकवायचा आणि पुढे ७ सेंटीमीटर फट सोडायची, दुसरा पुढे टेकवून मागे फट, तिसरा पुन्हा मागे. दोन ट्रेंमध्येही ७ सेंटीमीटर मोकळी जागा. मग हवा प्रत्येक ट्रेच्या वरून आणि खालून आडवी सरकत जाते आणि फटीतून वरच्या मजल्यावर चढते.

पण १० ट्रेंची एकच चळत केली तर सगळी हवा एकाच फटीतून जाईल. त्याऐवजी पाच-पाच ट्रेंच्या दोन चळती शेजारी-शेजारी करा, मध्ये पत्र्याचा पडदा. प्रत्येक चळतीतून निम्मी हवा जाते आणि वळणंही निम्मी होतात. वेग निम्मा झाला की अडथळा चौथाई होतो, वळणं निम्मी म्हणून आणखी अर्धा. म्हणजे एका चळतीपेक्षा दोन चळतींत अडथळा आठव्या हिश्शावर येतो. एवढं करूनही ट्रेंमध्ये कापांवरून हवेचा वेग सेकंदाला पाऊण मीटर मिळतो, तो चांगला आहे. प्रत्येक चळतीला स्वतःचा दोन चौरस मीटरचा पेटारा द्या. तुमचा मूळ आराखडाच शेजारी-शेजारी दोनदा बांधायचा, फक्त पाच-पाच ट्रेचा.

या वाटेचा एकूण अडथळा चार-पाच पास्कल येईल. चिमणीला तो झेपत नाही, पण पंख्याच्या दृष्टीने काहीच नाही. १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे, कॉम्प्युटरमध्ये असतात तसे पंखे चार घ्या. एका पंख्यावर तासाला १३० घनमीटरच्या आसपास आकडा छापलेला असतो, तो मोकळ्या हवेतला. जाळी आणि वळणं लागल्यावर त्याच्या निम्मा धरा. चार पंख्यांना मिळून १५ वॉटच्या आसपास लागतात, २० वॉटचं पॅनेल पुरेल. बॅटरी नको. ऊन वाढलं की पंखे वेगात, ढग आला की हळू, हे आपल्याला हवंच आहे. मात्र १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल कडक उन्हात १७-१८ व्होल्ट देतं, भार कमी असेल तर २१ पर्यंत जातं. मध्ये १२ व्होल्टला बांधून ठेवणारा छोटा कन्व्हर्टर घाला, नाहीतर पंखे लवकर जळतात.

आणि चिमणी विसरा. प्रत्येक चळतीच्या वर ३० बाय १५ सेंटीमीटरचं झाकणदार तोंड ठेवा, पावसासाठी वर टोपी.

पत्रा_आणि_वेल्डिंग (मालेगाव)

मी फॅब्रिकेशन करतो, काचेबद्दल सांगतो. सिन्नरकडे मार्च-एप्रिलमध्ये गारपीट होते हे धरूनच चला. खिडकीची साधी ४ एमएम काच स्वस्त पडते, पण गारेने जाते. शिवाय मधला भाग तापतो आणि चौकटीखालची कड थंड राहते, त्यानेही तडकते. टफन्ड घ्या. पण माप पक्कं करूनच ऑर्डर द्या, कारण एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. चौकट आधी बनवा, काच नंतर मागवा आणि चारी बाजूंनी ३-४ एमएम मोकळीक ठेवा. खाली रबर, वरून अँगलची पट्टी. काच स्क्रूने आवळायची नाही, तिला रबरावर नुसती बसू द्यायची.

पॉलीकार्बोनेट घेणार असाल तर ६ एमएमचं दोन पदरी. हलकं, गारेला भारी, उष्णताही कमी सोडतं. ऊन काचेपेक्षा थोडं कमी आत येतं. पण तीन गोष्टी सांभाळा. एक, त्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो, छापील फिल्म असलेली बाजू आकाशाकडेच हवी. उलटं बसवलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडून कडक होतं. दोन, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, वरचं टोक पक्क्या टेपने बंद आणि खालचं टोक हवा जाईल पण किडा जाणार नाही अशा टेपने. नाहीतर आत पाणी साचून शेवाळ धरतं. तीन, हे फार प्रसरण पावतं. दोन मीटरचा पत्रा सकाळपासून दुपारपर्यंत ५ एमएम वाढतो. स्क्रूची भोकं मोठी पाडा, नाहीतर पत्रा फुगून कमान होते आणि कडेने गरम हवा निसटते.

आणि एक, पेटाऱ्याच्या तळाला थर्माकोल घालू नका. स्वस्त म्हणून बरेच जण घालतात. पंखा बंद पडला आणि ऊन चालू राहिलं की काळा पत्रा शंभर अंशांच्या पुढे जातो, थर्माकोल आक्रसून वितळतो आणि वास मालाला लागतो. ५० एमएम रॉकवूल घाला, वरून पत्र्याने पूर्ण झाका म्हणजे तंतू हवेत येणार नाहीत.

प्रकाशवाट (पुणे)

मग सरळ २०० मायक्रॉनची पॉलिहाउसची फिल्मच का नाही? सर्वांत स्वस्त. ऊनही काचेइतकंच आत येतं.

पत्रा_आणि_वेल्डिंग (मालेगाव)

येतं. पण ती तीन-चार वर्षांत बदलावी लागते, वाऱ्याने फडफडते आणि झोळ पडून काळ्या पत्र्याला चिकटली तर तिथेच भोक. मोठ्या बोगद्यासारख्या ड्रायरला ठीक आहे. चार चौरस मीटरसाठी मी तरी लावणार नाही. पैशाचा प्रश्न असेल तर ज्याचं त्याने ठरवावं.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

भाऊंच्या म्हणण्यात पेटाऱ्यापुरती भर घालते. हवा काच आणि काळा पत्रा यांच्या मधून नेऊ नका, काळ्या पत्र्याच्या खालून न्या. वरून नेली तर गरम हवा काचेला लागत जाते आणि उष्णता बाहेर जाते, शिवाय आत आलेली धूळ काचेवर बसते. काच आणि पत्रा यांत ३-४ सेंटीमीटर स्थिर हवा ठेवा, पत्र्याखाली ५ सेंटीमीटर वाहती. पन्हाळी पत्रा असेल तर पन्हाळ्या हवेच्या दिशेला आडव्या घाला, हवा घुसळते.

उतार दक्षिणेला २० अंश. सिन्नर २० अक्षांशाच्या अगदी जवळ आहे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो. फक्त मे धरला तर सपाट पेटाराही चालेल, पण २० अंशांवर त्या दिवसांत दुपारच्या उन्हातलं सहा टक्के जातं, आणि बदल्यात हिवाळ्यात मेथी-टोमॅटोला तोच पेटारा उपयोगी पडतो. पाणी आणि धूळही घसरून जाते.

काळा रंग मॅट घ्या. माल टाकायच्या आधी ड्रायर रिकामा, पंखे बंद करून काही दिवस कडक उन्हात तापवा. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय कांदा आत जाऊ नये, कांदा तो वास धरतो.

कोकमवाली (कुडाळ)

ट्रेच्या जाळीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. आम्ही आमसुलं करतो. सालीला आगळ आणि मीठ चोळून वाळवायचं, पुन्हा आगळात भिजवायचं, पुन्हा वाळवायचं. आमच्या वाडीत एकाने गॅल्व्हनाइज्ड जाळीचे ट्रे केले. आंबटाने जाळी पांढरी पडली, जस्त सुटलं, आमसुलांना धातूची चव आली. सगळा माल टाकला. अॅल्युमिनियमही आंबट आणि मिठाने खड्डे पडून खराब होतं. कांदा आमसुलाइतका आंबट नाही, पण तुम्ही पुढे टोमॅटो म्हणालात तर ३०४ स्टेनलेसच घ्या, किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक जाळी.

आणि आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर हवा इतकी दमट होते की दिवसभर वाळलेलं परत नरम होतं. ड्रायर रात्री उघडा ठेवला तर सकाळी माल हाताला ओलसर लागतो. सिन्नरला तसं होतं का?

माळावरचा_गडी (सिन्नर)

ताई, मेमध्ये रात्री तितकं दमट नसतं. पण वळवाचा पाऊस झाला की त्या रात्री नक्की होतं.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

म्हणून नियमच करा. ऊन उतरलं की पंखे बंद, वरचं तोंड आणि खालचं तोंड दोन्ही बंद. अर्धवट वाळलेला माल कपाटातच राहू द्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी ट्रेवरचा माल ७०० ग्रॅमच्या वर असेल तर मात्र माल जास्त ओला आहे, रात्री आंबायची भीती असते. अशा वेळी दुसऱ्या दिवसापासून पसरण कमी करा.

माल झाला हे वजनावरून कसं ओळखायचं ते सांगते, कारण वजन हाच खरा निकष आहे. ट्रेवर २ किलो कांदा, त्यात घन भाग २६० ग्रॅम. ७ टक्के पाणी राहिलं की मालाचं वजन २८० ग्रॅम होतं. प्रत्येक रिकाम्या ट्रेचं वजन त्याच्याच कडेवर लिहून ठेवा. ट्रे काट्यावर ठेवला, रिकामं वजन वजा केलं, २८० आलं की झाला. बोटाने मोडून पाहणं दुपारी फसवतं, कारण गरम काप नरम लागतो आणि गार झाल्यावर कुरकुरीत होतो. गोल्टीतला घन भाग शेतागणिक थोडा बदलतो, म्हणून पहिल्या घाण्याला आणखी एक खात्री करा. गार झालेला थोडा माल काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आला असेल तर आणखी वाळवा.

रानवारा (जुन्नर)

माझ्याकडे आधीपासून एक ड्रायर आहे, बनवून घेतलेला, वरून काचेचं कपाट, सहा ट्रे. टोमॅटो टाकतो. सकाळी दहा वाजता वरच्या काचेवर आतून थेंब जमतात आणि वरच्या दोन ट्रेंवर ठिपकतात. खालचे दोन ट्रे दुपारीच करपायला लागतात, वरचे संध्याकाळपर्यंत ओले. ज्याने बनवला तो म्हणतो काच बदला, दुहेरी काच लावा. लावू का?

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

काच बदलण्याआधी दोन गोष्टी मोजा. पेटाऱ्यातून कपाटात शिरणाऱ्या हवेचं तापमान, आणि वरून बाहेर पडणाऱ्या हवेचं. सकाळी अकराला खाली ७०-७५ अंशांच्या वर आणि वर बाहेरच्या हवेइतकंच असेल, तर हवा वाहत नाहीये. थोडीशी हवा फार तापते, खालच्या ट्रेंतच भरून जाते, वर पोचेपर्यंत निवलेली आणि ओली असते, आणि काचेवर पाणी सोडते. दुहेरी काचेने थेंब कदाचित दिसायचे थांबतील, पण वरचे ट्रे ओलेच राहतील.

मग उदबत्ती पेटवून खालच्या तोंडाशी धरा. धूर ठामपणे आत ओढला गेला पाहिजे. रेंगाळला तर आधी डासांची जाळी पाहा. धूळ आणि कांद्या-टोमॅटोच्या सालीने ती बुजलेली असते. जाळी लावायची असेल तिथे तोंड तिप्पट मोठं करायचं.

रानवारा (जुन्नर)

ताई, जाळी खरंच बुजली होती. धुतली. धूर आत जातोय आता. थेंब कमी झालेत, पण खालचे आणि वरचे ट्रे यांत फरक राहतोच.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

थोडा फरक राहणारच. ज्या ट्रेला हवा आधी भेटते तो आधी वाळतो. गडीदादांच्या पाच ट्रेंच्या चळतीतही एका ट्रेमागे हवा अडीच-तीन अंशांनी निवेल. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा खालचे ट्रे वर आणि वरचे खाली करा. तुमच्या ड्रायरमध्ये ट्रेच्या कडेला भिंतीपर्यंत फट आहे का तेही बघा. असेल तर निम्मी हवा मालाला न शिवता तिथून वर जाते. माल ओला असताना बाहेर पडणारी हवा गरम आणि कोरडी लागली, तर समजायचं की कडेने पळतेय. रबराची पट्टी लावून ती फट बंद करा. मी सांगितलेली नागमोडी वाट वेगळी, तिथे फट एकाच बाजूला मुद्दाम ठेवलेली असते आणि उरलेल्या तीन बाजू बंद हव्यात.

माळावरचा_गडी (सिन्नर)

एक शंका. दुपारी एक वाजता हवा किती तापेल? कांदा लाल पडला तर गिऱ्हाईक घेत नाही.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

चारही पंखे चालू असताना मेच्या भर दुपारी ६४ अंशांपर्यंत जाईल. पहिल्या दिवशी त्याची भीती नाही, कारण पाणी उडत असतं तोवर काप स्वतः थंड राहतो. धोका दुसऱ्या दुपारी. पाणी संपत आलं की काप हवेइतकाच तापतो आणि ६० च्या पुढे तपकिरी-लाल पडायला लागतो. म्हणून पेटारा आणि कपाट यांच्या सांध्यावर हातभर लांबीची झडप ठेवा. दुसऱ्या दिवशी अकरानंतर ती थोडी उघडली की बाहेरची हवा मिसळून ५५ च्या आसपास आणता येतं. पंखे मात्र कमी करायचे नाहीत, त्याने उलट जास्त तापेल.

पत्रा_आणि_वेल्डिंग (मालेगाव)

त्या झडपेचं माझ्या डोक्यात एक आहे. पंखे पेटाऱ्याच्या खालच्या तोंडाला लावले तर आत दाब राहतो, झडप उघडली की बाहेरची हवा आत येणार नाही, उलट गरम हवा बाहेर जाईल. पंखे वर, बाहेर पडायच्या तोंडाला लावले तर ओढीने झडपेतून थंड हवा आत येईल. मग पंखे वर लावायचे ना?

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

बरोबर पकडलंत. झडप खालून ढकलणाऱ्या पंख्यांबरोबर मिसळणार नाही, नुसती गरम हवा सोडेल. तरीही कपाटात जाणारी उष्णता कमी होते, पण वाराही कमी होतो. वर पंखे लावले तर झडप चालते, पण पंख्यांना दिवसभर ४५ अंशांची ओली, कांद्याच्या वाफेची हवा खावी लागते, आणि कपाटाच्या प्रत्येक सांध्यातून धूळ आत ओढली जाते. मी आजवर खाली लावत आले, पंखे टिकतात म्हणून. झडप हवीच असेल तर पंखे पेटारा आणि कपाट यांच्या मधोमध लावता येतील, झडप त्यांच्या आधी. पण तिथे हवा ६० अंशांची असते आणि साध्या पंख्याची बेअरिंग ती किती काळ सोसेल?

तासगावकर

झडपेपेक्षा दुसऱ्या दुपारी पेटाऱ्यावर शेडनेट टाका की. ५० टक्क्याची. शेडला आम्ही तेच करतो.

उष्मा (छत्रपती संभाजीनगर)

दादा, हे सर्वांत सोपं आहे. अख्ख्या पेटाऱ्यावर नको, एक तृतीयांश भागावर टाका आणि खालून थर्मामीटर पाहत पुढे-मागे सरकवा. फक्त पॅनेलवर सावली पडू देऊ नका, पंखे थांबतील.

माळावरचा_गडी (सिन्नर)

मग पंखे खाली, झडप रद्द, शेडनेट ठेवतो. दोन पेटारे, टफन्ड काच, पाच-पाच ट्रेच्या दोन चळती, ३०४ ची जाळी. चौकट झाली की माप घेऊन काच मागवतो. पत्रावाले भाऊ, ट्रे सरकवायला अँगल लावू की सी-चॅनेल? फट पुढे-मागे पक्की राहिली पाहिजे, बायकांनी घाईत ट्रे उलटा सरकवला तरी.

पत्रा_आणि_वेल्डिंग (मालेगाव)

अँगल लावा, साफ करायला सोपा, सी-चॅनेलमध्ये कांद्याचा रस साचतो. आणि प्रत्येक मजल्यावर अँगलच्या एका टोकाला अडणी वेल्ड करा. पहिल्या मजल्यावर पुढून ७ सेंटीमीटर आत, दुसऱ्यावर मागून ७ सेंटीमीटर आधी, तिसऱ्यावर पुन्हा पहिल्यासारखी. मग ट्रे कसाही ढकलला तरी बरोबर जागीच थांबतो. फक्त दार बंद केल्यावर पुढची फट दाराच्या पत्र्यापासून मोजा, चौकटीपासून नाही.